सेल्सवाल्यांचं कमिशन ठरवताना या चुका टाळा

सगळ्यात जास्त दिसणारी आणि सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे कमिशन थेट विक्रीच्या रकमेवर ठेवणं. पंपाचं उदाहरण घेऊ. लिस्ट किंमत १ लाख, तुमची खरेदी ८० हजार, म्हणजे मार्जिन २० हजार. विक्रीवर २ टक्के कमिशन धरलं तर सेल्सवाल्याला २,००० मिळतात. आता गिऱ्हाईक अडून बसलं म्हणून त्याने १० टक्के डिस्काउंट दिला, तर त्याचं कमिशन होतं १,८००. त्याचे गेले फक्त २०० रुपये आणि तुमचं मार्जिन २० वरून १० हजारावर आलं, म्हणजे निम्मं. दोनशे रुपयांसाठी तो तासभर घासाघीस का करेल? मालक म्हणतात पोरं डिस्काउंट फार देतात, पण अहो, तुमच्या प्लॅननेच त्यांना ते शिकवलंय.

मी कमिशन कायम मार्जिनवर लावतो. वरच्याच उदाहरणात मार्जिनच्या १० टक्के ठेवा, लिस्टला विकलं तर तेच २,००० मिळतात, डिस्काउंट दिला तर १,०००. आता त्यालाही झळ बसते. मार्जिन काढताना भाडं, स्कीम, नंतर दिलेल्या क्रेडिट नोट सगळं वजा करायचं, नाहीतर डिस्काउंट बिलात न दिसता फ्री डिलिव्हरीच्या नावाने बाहेर पडतो. खरेदीभाव पोरांना दाखवायचा नसेल तर प्रत्येक आयटमला एक ठरलेली आधारकिंमत द्या आणि ती वर्षभर हलवू नका.

दुसरी चूक स्लॅबची, आणि ही बघितली की माझं डोकंच फिरतं. पुण्यातल्या एका पंप डिस्ट्रिब्युटरकडे मी हिशेब बघायचो, तिथे तिमाहीला २५ लाखांच्या आत १ टक्का आणि २५ लाख गाठले की सगळ्या रकमेवर २ टक्के असा प्लॅन होता. म्हणजे २४ लाखांवर कमिशन २४ हजार आणि २५ लाखांवर ५० हजार, शेवटच्या एका लाखाची किंमत सेल्सवाल्यासाठी २६ हजार! मग मार्चच्या शेवटच्या आठवड्यात काय व्हायचं ते सांगायला नको, डीलरला फोन जायचे, माल उचला, १२ टक्के जास्त डिस्काउंट देतो, पैसे सावकाश द्या, नाही खपला तर परत घेऊ. ३१ मार्चला बिलं फाटली, कमिशन वाटलं गेलं, एप्रिलमध्ये माल परत आणि क्रेडिट नोट. डीलरही हुशार झाले, तिमाही संपत आली की मगच ऑर्डर द्यायचे. आणि याच धावपळीत एका जुन्या कारखान्याने मेकॅनिकल सील मागितलं होतं, छोटी ऑर्डर म्हणून कुणी कोटेशनच पाठवलं नाही, त्यांनी दुसरा व्हेंडर धरला आणि पुढचे पंपही तिकडूनच घेतले.

यावर उपाय सोपा आहे, इन्कम टॅक्ससारखं करा, वाढीव दर फक्त वरच्या रकमेला. स्लॅबही मार्जिनवरच मोजायचे. आणि निम्मं कमिशन बिलावर, निम्मं पैसे जमा झाल्यावर. दिलेलं कमिशन नंतर पगारातून कापायला गेलात की भांडणं ठरलेली.

आता जुनी गिऱ्हाइकं. नव्या गिऱ्हाइकाला दुप्पट दर आणि जुन्याला काहीच नाही असं ठेवलं की जुन्याला फोन करायला कुणाला वेळ नसतो. मी एरियाची एकूण बेरीज धरतो. जुन्या गिऱ्हाइकांचं मागच्या वर्षीच्या याच तिमाहीतलं मार्जिन ५ लाख होतं, यंदा ४ लाख झालं आणि नव्यांनी दीड लाख दिलं, तर वाढ फक्त ५० हजार, वाढीचा जादा दर तेवढ्यालाच. कारखानाच बंद पडला असेल तर ते गिऱ्हाईक बेरजेतून काढायचं, पण कळल्याबरोबर लेखी कळवलं असेल तरच, तिमाही संपल्यावर आठवलेलं चालणार नाही.

नवं म्हणजे कोण हेही लिहून ठेवा. मी मागच्या १२ महिन्यांत एकही बिल नसलेल्याला नवं धरतो. एकच कंपनी दुसऱ्या राज्यातल्या जीएसटी नंबरवर नवी म्हणून दाखवतात, तेव्हा नंबरातलं राज्याचं कोड सोडून पुढची १० अक्षरं बघा, तो पॅन असतो. बायकोच्या नावाने काढलेली नवी फर्म मात्र यात सापडत नाही, तिथे डिलिव्हरीचा पत्ता जुळवावा लागतो.

बाकी थोडक्यात. कमिशनवर कमाल मर्यादा घालू नका, मर्यादा गाठलेला माणूस पुढच्या ऑर्डरी पुढच्या तिमाहीला ढकलतो. वर्षाच्या मध्ये दर बदलू नका. पाच-सहा निकष घालू नका, सेल्सवाल्याला स्वतःचं कमिशन मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर काढता आलं पाहिजे.

आणि नेटवरून टेम्प्लेट उतरवून सोमवारपासून लागू करायची घाई तर अजिबात नको. मागच्या वर्षाची सगळी बिलं एक्सेलमध्ये घेऊन नवा प्लॅन त्यांच्यावर चालवून बघा, कुणाचं कमिशन वाढतं, कुणाचं घटतं आणि का. डिस्काउंट देऊन आकडा फुगवणारा वर आणि लिस्टला विकून जुनी गिऱ्हाइकं सांभाळणारा खाली येत असेल तर प्लॅन परत लिहा. मग पहिल्या दोन तिमाही जुना-नवा दोन्ही हिशेब काढून जो जास्त येईल तो द्या, थोडे पैसे जास्त जातील, पण चांगली पोरं सोडून जाणार नाहीत.