पाणी गाळणाऱ्या मॉडेलला नाव देताना या चुका टाळा

तालुका विज्ञान प्रदर्शनात बाटली, वाळू आणि कोळशाची गाळणी दरवर्षी असतेच, आणि बहुतेक वेळा एकापेक्षा जास्त टेबलांवर असते. सातारा-सांगलीकडे तर पावसाळ्यात कृष्णा, कोयना, वारणेचं गढूळ पाणी सगळ्यांनीच पाहिलेलं असतं, त्यामुळे विषय लगेच सुचतो. मॉडेलं सारखी असली की परीक्षकांना ती एकमेकांपासून वेगळी लक्षात राहतात ती नावामुळे. इथेच मुलं आणि मार्गदर्शक शिक्षक घाई करतात. आदल्या दिवशी फलक रंगवताना कुणीतरी ‘अल्पखर्चिक जलशुद्धीकरण यंत्र’ असं लिहून टाकतं. हे मॉडेलचं नाव झालं नाही, विषय झाला. शेजारच्या टेबलावरही नेमके हेच शब्द असू शकतात.

मॉडेल जे करत नाही, ते नावात लिहिणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच आहे. ‘शुद्धजल’, ‘अमृतजल’, ‘आरोग्यधारा’ अशी नावं वाचली की परीक्षक पहिला प्रश्न विचारतात, ‘हे पाणी पिता येईल का?’ वाळू आणि लोणारी कोळशाची साधी गाळणी गाळ अडवते, थोडा वास आणि रंग कमी करते. सगळे जंतू ती काढत नाही आणि विरघळलेले क्षार तर मुळीच काढत नाही. मॉडेल दाखवणारी मुलगी ‘हो’ म्हणाली तर उत्तर चुकतं आणि ‘नाही’ म्हणाली तर नाव खोटं ठरतं.

जत, आटपाडी किंवा माण-खटावकडच्या शाळांनी क्षारांबाबत जास्त जपावं. बोअरचं पाणी खारट आहे म्हणून ‘क्षारमुक्ती’ असं नाव ठेवलं आणि परीक्षकांनी टीडीएस मीटर मागितला, तर गाळण्याआधीचा आणि नंतरचा आकडा जवळपास सारखाच येईल. कोळशात राख राहिली असेल तर नंतरचा आकडा थोडा वाढूही शकतो. क्षार अडवणारा पडदा नसलेल्या मॉडेलच्या नावात ‘आरओ’ घालणं हीदेखील याच जातीची चूक.

आधीच दुसऱ्याचं असलेलं नाव

‘जलसंजीवनी’ हे नाव पाण्याच्या मॉडेलसाठी पटकन सुचतं. पण मराठी वाचणाऱ्याला जलसंजीवनी म्हटलं की जुलाब झाल्यावर द्यायचं मीठ-साखरेचं पाणी आठवतं. ‘जलजीवन’ म्हटलं की घरोघरी नळ देणारी सरकारी योजना. बाजारातल्या फिल्टरच्या नावासारखं काही जुळवलं तर परीक्षकांच्या डोक्यात ती कंपनी राहते, तुमची शाळा नाही. इंग्रजी आद्याक्षरं ओढूनताणून जुळवलेली नावंही टाळा. त्यांचा अर्थ समजावण्यातच बोलण्याचा वेळ जातो.

नाव कसं काढायचं: एक उदाहरण

समजा, वाळवा किंवा पलूस तालुक्यातल्या नदीकाठच्या शाळेचं मॉडेल आहे. दोन लिटरची शीतपेयाची बाटली बूड कापून उलटी टांगली आहे. टोपणाला चार-पाच मिलिमीटरचं भोक आहे. तोंडाशी दुहेरी सुती कापड, त्यावर ३ सेंमी बारीक खडी, ४ सेंमी जाड वाळू, ५ सेंमी कुटलेला लोणारी कोळसा, पुन्हा कापडाचा तुकडा, त्यावर ८ सेंमी बारीक वाळू आणि ती उसळू नये म्हणून वर खडीचा पातळ थर. दगडी कोळसा वापरायचा नाही.

नावाच्या आधी मॉडेल चालवून बघा, कारण नाव तिथूनच निघतं. काळ्या मातीचं गढूळ पाणी थेट ओतलं तर खालून येणारं पाणीही मळकटच असतं. या मातीचे कण इतके बारीक असतात की आठ सेंटिमीटर वाळूतून ते आरामात निसटतात. म्हणून आधी तुरटीचा खडा पाण्यात पाच-सहा वेळा फिरवायचा, पाणी सावकाश ढवळायचं आणि दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. कण एकत्र येऊन पुंजके दिसू लागले की ते पाणी हळूहळू बाटलीत सोडायचं. आता पुंजके वाळूच्या वरच्या थरात अडकतात आणि बाटली पारदर्शक असल्यामुळे गाळाचा पट्टा बाहेरून स्पष्ट दिसतो.

परीक्षकांना या टेबलावर डोळ्यांनी दिसणारी गोष्ट म्हणजे हा पट्टा. नाव त्याच्याकडे बोट दाखवणारं हवं. ‘गाळखाऊ’ हे नाव इथे चपखल बसतं. छोटं आहे, एकदा ऐकलं की तोंडात बसतं, आणि बाटली जेवढं करते तेवढंच सांगते. खाली बारीक अक्षरांत एक ओळ द्यावी: ‘काळ्या मातीचं गढूळ पाणी नितळ करणारी बाटली’. आता ‘पिता येईल का?’ असं विचारलं तर मुलगी न अडखळता सांगू शकते, ‘सर, ही गाळ काढते. जंतू राहतात, म्हणून प्यायच्या आधी खळखळ उकळायचं.’ नाव आणि उत्तर एकमेकांना धरून राहतात.

‘नितळ’ हेही नाव चांगलं आहे, पण त्याची परीक्षा कडक असते. कोळसा नीट धुतला नसेल तर पहिला पेला काळपट येतो आणि वर फलकावर ‘नितळ’ लिहिलेलं असतं. कोळसा आणि वाळू वेगवेगळी, धुतलेलं पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा. घरून निघण्याआधी दोन-तीन लिटर साधं पाणी बाटलीतून सोडून टाका. पेल्यामागे वर्तमानपत्र धरून बारीक अक्षरं वाचता आली तरच हे नाव ठेवा.

नावात रुपये

‘दहा रुपयांत स्वच्छ पाणी’ असं नाव लक्षात राहतं, हे खरं. पण परीक्षक लगेच हिशोब मागतात. बाटली भंगारातली, वाळू बांधकामावरची, कोळसा घरचा, असं सांगितलं तर ‘विकत घ्यायचं झालं तर?’ हा प्रश्न येतोच. समजा, एकटा कोळसाच तीस रुपयांचा झाला, तर नाव तिथेच पडलं. खर्च नावात न घालता शेजारी छोट्या तक्त्यात द्या आणि फुकट मिळालेल्या वस्तूचीही बाजारातली किंमत लिहा.

नाव ठरल्यावर होणारे घोटाळे

नोंदणी अर्जावर एक नाव, फलकावर दुसरं आणि अहवालाच्या मुखपृष्ठावर तिसरं, असं फार वेळा दिसतं. गुणपत्रिकेवर अर्जातलं नाव छापलेलं असलं, तर परीक्षकांना तुमचं टेबल जुळवून शोधावं लागतं. म्हणून अर्ज भरण्याआधीच नाव पक्कं करा.

दुसरा घोटाळा फ्लेक्सच्या दुकानात होतो. फॉन्ट बदलताना जोडाक्षरं मोडतात, ‘शुद्ध’चं ‘शुध्द’ होतं. छापण्याआधी पडद्यावरचा मजकूर शिक्षकांनी स्वतः वाचावा. नावाची अक्षरं साधारण पाच सेंटिमीटर उंच ठेवली तर दोन टेबलांपलीकडूनही वाचता येतात. शाळेचं नाव त्याहून लहान असू द्या. अनेक फलकांवर नेमकं उलटं असतं.

शेवटची तपासणी दुसऱ्या वर्गात करा. मॉडेल न दाखवता फक्त नाव सांगा आणि विचारा, ‘ही वस्तू काय करत असेल?’ पोरं ‘पाणी शुद्ध करते’ म्हणाली तर नाव अजून मोघम आहे. ‘गाळ काढते’ म्हणाली तर दुसऱ्या दिवशी त्याच पोरांना नाव विचारा. आठवलं नाही, तर अर्ज भरण्याआधी बदला.