ईमेलचा मायना: श्री., श्रीमती, डॉ. की नुसतं नाव?

सांगलीतल्या एका वाचनालयाचा पत्रव्यवहार मी बरीच वर्षं सांभाळते. व्याख्यानमाला जवळ आली की दीड-दोनशे निमंत्रणं ईमेलने जातात. त्यात वक्ते असतात, देणगीदार असतात, मिरजेतले डॉक्टर, जिल्हा परिषदेतले अधिकारी, पुण्याला नोकरीला गेलेले जुने सभासद असतात. मजकूर सगळ्यांना एकच जातो. अडतं ते पहिल्या ओळीपाशी.

कागदी पत्रात ही अडचण कमी होती. वर 'प्रति' लिहून नाव, हुद्दा आणि पत्ता यायचा आणि खाली मायना नुसता 'महोदय' असायचा. ईमेलमध्ये 'प्रति'चा तो चौकोन बहुतेक जण गाळतात, त्यामुळे नाव आणि मान दोन्ही मायन्याच्या एकाच ओळीत बसवावे लागतात. ती ओळ मी कशी ठरवते ते क्रमाने सांगते.

आधी त्यांची सही बघा

समोरची व्यक्ती स्वतःचं नाव कसं लिहिते, हे सगळ्यात आधी शोधायचं. त्यांचा जुना ईमेल असेल तर तळाशी सही असते. नसेल तर लेटरहेड, व्हिजिटिंग कार्ड किंवा कार्यालयाची यादी बघायची. बाईंनी 'सौ.' लावलं आहे का, 'डॉ.' आहे का, आडनाव आधी आहे की नंतर, हे सगळं तिथे कळतं. जसं त्यांनी लिहिलं तसं आपण लिहिलं की निम्मे प्रश्न सुटतात.

फक्त 'श्री.' तिथे सापडणार नाही. स्वतःच्या नावामागे 'श्री.' लावायचं नसतं, ते दुसऱ्याने लावायचं असतं. म्हणून सहीत नुसतं 'सुनील पाटील' असलं तरी आपण 'श्री. सुनील पाटील' असंच लिहायचं, आणि स्वतःच्या सहीत मात्र 'श्री.' घालायचं नाही.

सरकारी आणि शाळा-कॉलेजांच्या याद्यांत नाव बऱ्याचदा 'पाटील सुनील महादेव' असं उलट असतं. ते तसंच उचलून 'प्रिय पाटील सुनील' असा मायना गेलेला मी पाहिला आहे. यादीतून घेताना क्रम फिरवून घ्या. आणि आपल्याकडे नुसत्या आडनावावर भागवू नका. एका कार्यालयात चार पाटील आणि तीन जाधव असणं सांगली-साताऱ्याला नवीन नाही. 'श्री. पाटील' असा मायना असलेला ईमेल पुढे पाठवला गेला की तो नेमका कोणाला होता हेच कळत नाही. पहिल्या ईमेलला पूर्ण नाव घ्यावं. ओळख झाली की पुढे 'पाटील सर' चालतं.

श्रीमती: इथे थांबून विचार करा

'श्री.' पुरुषाच्या लग्नाबद्दल काही सांगत नाही. बाईंच्या नावामागे काय लावायचं हे मात्र मराठीत अजून नाजूक आहे, आणि बाहेरून आलेल्यांना ते पटकन कळत नाही. हिंदीत 'श्रीमती' म्हणजे विवाहित स्त्री. मराठी घरांत नवरा हयात असलेल्या बाईला 'सौ.' लावतात, आणि 'श्रीमती' म्हटलं की जुन्या पिढीच्या मनात नवरा गेलेली बाई येते. त्याच वेळी राज्य सरकारच्या आदेशांत, बदल्यांच्या याद्यांत सगळ्याच बायकांना 'श्रीमती' लावतात, मग त्या विवाहित असोत, अविवाहित असोत की विधवा. म्हणजे तोच शब्द कार्यालयात तटस्थ आहे आणि घरात नाही.

माझी एक चूक मला अजून टोचते. आमच्या एका जुन्या सभासद बाईंना दरवर्षीप्रमाणे 'सौ.' लावून निमंत्रण गेलं. त्यांचे यजमान तीन महिन्यांपूर्वी गेले होते आणि आमची यादी तशीच होती. त्यांनी फोन केला, रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "तुमचं पत्र आलं, वाचलं. पुढच्या वेळी नुसतं नाव लिहा." त्या दिवसापासून मी कोणाच्याही नावामागे आपणहून 'सौ.' लावत नाही.

आता माझी पद्धत अशी आहे. बाई स्वतः 'सौ.' लिहीत असतील आणि ते अलीकडच्या पत्रात दिसत असेल, तर 'सौ.' लावते. ईमेल सरकारी कार्यालयात अधिकारी म्हणून जात असेल, तर 'श्रीमती' लावते, कारण तिथली रीतच ती आहे. यातलं काहीच नसेल तर लग्नाची बाब मायन्यात आणतच नाही:

मा. सुनीता जाधव यांस,
सप्रेम नमस्कार.

'मा.' म्हणजे माननीय. ते बाईलाही लागतं, पुरुषालाही लागतं, आणि कोणालाच खटकत नाही. किरण, सुहास, कमल अशा नावांना तर याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही, कारण ही नावं दोघांचीही असतात. मधलं नाव बघून अंदाज करू नका. ते वडिलांचं किंवा नवऱ्याचं असतं, त्यावरून काही कळत नाही. पुढच्या मजकुरात 'आपण' वापरलंत की क्रियापदही अडवत नाही: 'आपण यावं', 'आपली उपस्थिती हवी आहे'. मात्र 'आपण आला होता' की 'आल्या होता' असा घोळ होईल असं वाक्य टाळायचं. त्याऐवजी 'मागच्या वर्षी आपली भेट झाली होती' असं लिहायचं.

'कु.' शाळेतल्या मुलीच्या बक्षीसपत्रावर ठीक आहे. नोकरी करणाऱ्या बाईंच्या ईमेलमध्ये ते लावू नये.

डॉक्टर आले की श्री. जातं

'डॉ.' लावलं की 'श्री.', 'सौ.', 'श्रीमती' काढून टाकायचं. 'मा. डॉ. सुनील पाटील' पुरेसं आहे, 'मा. श्री. डॉ.' अशी उतरंड नको. बाईंच्या बाबतीत तर हे फार सोयीचं पडतं, कारण 'डॉ.' लावलं की वर सांगितलेला सगळा पेच उरतच नाही. पाटीवर 'डॉ. सौ.' असेल तर पत्त्यात ते तसंच ठेवा, मायन्यात 'डॉ.' पुरतं.

'डॉ.' फक्त दवाखान्यातल्यांनाच लागतं असं नाही. पीएच.डी. झालेल्या प्राध्यापकालाही ते लावायचं, आणि कॉलेजात ते विसरलं तर माणसं दुखावतात. पाच-सहा वर्षं नोकरी सांभाळून प्रबंध लिहिलेला असतो, त्यांचं दुखावणं मला बरोबर वाटतं. पण प्रबंध नुसता सादर झाला असेल तर अजून 'प्रा.' लिहायचं, पदवी जाहीर झाल्यावर 'प्रा. डॉ.'. हुद्दा असेल तर तो आधी येतो: 'मा. प्राचार्य डॉ. …'.

मानद पदवीचं वेगळं आहे. ती सन्मान म्हणून मिळालेली असते, म्हणून नावामागे 'डॉ.' लावायची रीत नाही. साताऱ्याचे भाऊराव पाटील यांना 1959 साली पुणे विद्यापीठाने मानद डी.लिट. दिली, तरी लोकांच्या तोंडी ते कर्मवीर अण्णाच राहिले. पद्म पुरस्कारही नावाला जोडायचा नसतो. सर्वोच्च न्यायालयाने 1995 साली तसं स्पष्ट सांगितलं आहे. परिचयात पुरस्काराचा उल्लेख जरूर करावा, मायन्यात नको.

आमच्याकडे वारंवार येणारा एक प्रसंग सांगते. मिरजेत नवरा-बायको दोघंही डॉक्टर असलेली घरं खूप. यादीत एकच ओळ असते, 'डॉ. व सौ. कुलकर्णी'. यात बाईंचं नावही गेलं आणि पदवीही गेली. दवाखान्याच्या पाटीवर किंवा चिठ्ठीच्या कागदावर दोघांची नावं असतात, ती बघून लिहायचं:

मा. डॉ. अनिल कुलकर्णी व मा. डॉ. मेधा कुलकर्णी यांस,
सप्रेम नमस्कार.

(नावं नमुन्याची आहेत.) फक्त बाई डॉक्टर असतील आणि यजमान नसतील, तर 'डॉ. मेधा कुलकर्णी व श्री. अनिल कुलकर्णी'. नवऱ्याची पदवी बायकोला किंवा बायकोची नवऱ्याला आपोआप लागत नाही.

नुसतं नाव केव्हा

पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत साहेबांनाही पहिल्या नावाने हाक मारतात. त्यांनी उत्तराखाली नुसतं 'सुनील' अशी सही केली, तर ती परवानगी समजायची, पुढचा ईमेल 'नमस्कार सुनील,' असा चालतो. पहिल्याच ईमेलला मात्र नाही. आणि मराठीत 'प्रिय सुनील' लिहिलं की हात आपोआप 'तू'कडे वळतो. मजकूर 'तुम्ही'चा आणि मायना पोराला हाक मारल्यासारखा, असं वाचायला वाईट वाटतं. म्हणून 'प्रिय'ऐवजी 'नमस्कार' घ्या, आणि 'तुम्ही' शेवटपर्यंत सांभाळा.

वयाने मोठ्यांना पहिल्या नावाने लिहायचं नाही, त्यांनी स्वतः नुसती सही केली तरीही. तिथे 'सर', 'मॅडम', ओळख घरची असेल तर 'ताई', 'काका' शोभतं. 'सुनीलराव' बोलण्यात गोड लागतं, कार्यालयीन ईमेलमध्ये नको. ज्याला एरवी नावाने लिहिता, त्याच्या ईमेलची प्रत त्याच्या साहेबांना जाणार असेल, तर त्या दिवशी 'मा. श्री.' आणि पूर्ण नाव लिहा.

यादीत मायन्याचा वेगळा रकाना ठेवा

एकगठ्ठा निमंत्रणं पाठवणाऱ्यांसाठी एवढं महत्त्वाचं. एक्सेलमध्ये 'उपाधी' आणि 'नाव' असे दोन रकाने जोडून मायना बनवू नका. त्यातून 'श्री. डॉ.' किंवा 'मा. पाटील सुनील' अशा ओळी तयार होतात. 'मायना' असा स्वतंत्र रकाना करा आणि प्रत्येकाची पूर्ण ओळ हाताने लिहा. दोनशे नावांना एक संध्याकाळ लागते, पुढच्या वर्षी फक्त बदल करायचे.

'डॉ.' शोधताना यादीतले काही डॉक्टर सापडत नाहीत, तेव्हा टंकलेखन तपासा. 'डॉ' हे एकाच चिन्हाने, म्हणजे 'ॉ'ने लिहायचं असतं. काही जण आधी काना आणि मग वर वेगळा अर्धचंद्र देतात. डोळ्याला दोन्ही सारखं दिसतं, संगणकाला ते वेगळे शब्द वाटतात.

यादी पाठवण्याआधी गावात माहिती असणाऱ्या एखाद्या माणसाला ती डोळ्याखालून घालायला द्या. कोण गेलं, कोण निवृत्त झालं, कोणाला पीएच.डी. मिळाली, हे आमच्या वाचनालयात मासिकं चाळायला येणारे एक निवृत्त शिक्षक दहा मिनिटांत सांगतात.

तरी चूक झालीच, तर त्याच दिवशी त्या एका व्यक्तीला दुसरा ईमेल पाठवते. 'आपलं नाव लिहिताना माझी चूक झाली, क्षमस्व. यादीत दुरुस्ती केली आहे.' एवढ्या दोन वाक्यांवर थांबायचं, कारणं द्यायची नाहीत. आणि 'दुरुस्ती केली आहे' हे लिहिण्याआधी यादी उघडून ती खरंच करायची.