मांजराला सर्दी झाल्यावर घरी काय करावे आणि दवाखाना कधी गाठावा

खानदेशात लाल मिरची कुटायला घेतली की घरातले मांजरही शिंकते. ही शिंक धूळ-खकाण्याची असते, त्यामुळे मांजर दुसऱ्या खोलीत गेले की ती थांबते. शिंकांबरोबर डोळ्यांतून पाणी आणि नाकातून स्राव येऊ लागला आणि हे दुसऱ्या दिवशीही चालू राहिले, तर तो बहुधा श्वसनमार्गाच्या वरच्या भागाचा संसर्ग असतो. तो बहुतेक वेळा हर्पिस किंवा कॅलिसी या विषाणूंमुळे होतो आणि साधारण सात ते दहा दिवसांत ओसरतो. माझ्या मते या आजारात शिंकांपेक्षा खाण्याकडे अधिक लक्ष द्यावे, कारण मांजर वासावर खाते आणि नाक बंद झाले की त्याला अन्न अन्नच वाटत नाही.

म्हणून आधी नाक मोकळे करावे. एक कप, म्हणजे सुमारे २५० मिली, उकळून कोमट केलेल्या पाण्यात अर्धा चहाचा चमचा मीठ विरघळवावे, त्यात स्वच्छ कापूस भिजवून नाकावरची खपली मऊ होऊ द्यावी आणि मग ती ओढून न काढता अलगद पुसून घ्यावी. डोळा आतल्या कोपऱ्याकडून बाहेर पुसावा आणि प्रत्येक डोळ्यासाठी नवा कापूस घ्यावा. त्यानंतर न्हाणीघराचे दार लावून गरम पाणी ओतून वाफ करावी आणि मांजराला घेऊन तिथे दहा-पंधरा मिनिटे बसावे. दिवसातून दोन-तीनदा असे केले तरी चालते. मांजराचे तोंड उकळत्या पातेल्यावर धरू नये आणि वाफेच्या पाण्यात बाम, कापूर किंवा निलगिरीचे तेल घालू नये, कारण हे पदार्थ मांजरासाठी विषारी ठरू शकतात.

वाफ दिल्यावर लगेच जेवण द्यावे. उकडलेले चिकन किंवा मासा कुस्करून कोमट करावा, म्हणजे वास उठतो. त्यात मीठ, कांदा किंवा लसूण नसावा, कारण कांदा-लसणाने मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. नेहमीची दूध-भाकरी नाकारणारे मांजर असा वासाचा घास पुष्कळदा घेते.

आमच्या अमळनेरच्या घरातील चार महिन्यांच्या मनीला सर्दी झाली, तेव्हा मी रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर तिचे वजन घेत होतो. पहिल्या दिवशी ते १ किलो ४०० ग्रॅम होते आणि तिसऱ्या दिवशी १ किलो ३२० ग्रॅम भरले. नाक मोकळे होते, कोमट माशाच्या वासाने ती धावत वाटीजवळ आली, जीभ लावली आणि लाळ गाळत मागे सरली. भूक आणि वास दोन्ही असून तोंड मागे घेणे म्हणजे तोंडात दुखणे. पशुवैद्यकांनी तोंड उघडून पाहिले तर जिभेच्या कडेला व्रण होते, जे कॅलिसी विषाणूच्या संसर्गात अनेकदा दिसतात. वेदनाशामक औषधाने ती त्याच रात्री पातळ रस्सा चाटू लागली. हे औषध त्यांनी मांजराच्या वजनाप्रमाणे दिले होते. घरातली पॅरासिटामॉलची गोळी, अगदी तिचा तुकडाही, मांजराचा जीव घेऊ शकतो.

उरलेली प्रतिजैविकेही आपल्या मनाने देऊ नयेत, कारण विषाणूंवर ती चालत नाहीत. वरून जिवाणूंचा संसर्ग झाला असेल तरच पशुवैद्यक ती देतात. डॉक्सीसायक्लिनची गोळी दिली असेल, तर तिच्यामागून थोडे पाणी किंवा एक घास अवश्य द्यावा, नाही तर ती अन्ननलिकेत अडकून तिथे जखम करते. माणसाचे जुने डोळ्यांचे थेंबही टाळावेत, कारण त्यात स्टेरॉइड असेल तर हर्पिसमुळे पडलेला बुबुळावरचा व्रण चिघळतो.

मोठ्या मांजराने २४ तास काहीच खाल्ले नाही, किंवा लहान पिल्लाने अर्धा दिवस तोंड लावले नाही, तर थांबू नये. उपाशी मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साठून वेगळाच गंभीर आजार उद्भवतो. मांजर झोपलेले असताना छातीची वर-खाली हालचाल एक मिनिट मोजावी. ती ३० पेक्षा कमी असणे ठीक. ४० च्या वर गेली किंवा मांजर तोंड उघडून श्वास घेऊ लागले तर त्याच क्षणी निघावे. डोळा मिटलेला राहणे किंवा बुबुळ धुरकट दिसणे, घट्ट पिवळा-हिरवा स्राव आणि सुस्ती एकत्र येणे, तसेच दहा दिवसांनंतरही फरक न पडणे, यांसाठी त्याच दिवशी दाखवावे. स्राव एकाच नाकपुडीतून येत असेल, तर गवताची काडी अडकली आहे का किंवा दाताचे मूळ सडले आहे का, हे तपासायला सांगावे.

घरात दुसरी मांजरे असतील तर आजारी मांजर वेगळ्या खोलीत ठेवावे, त्याची भांडी वेगळी करावीत आणि त्याला हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत. हर्पिसचा विषाणू बरे झालेल्या मांजराच्या अंगात दडून राहतो आणि घर बदलणे किंवा नवे मांजर येणे यांसारख्या ताणात पुन्हा डोके वर काढतो. पिल्लांना सहा ते आठ आठवड्यांपासून देण्यात येणारी लस संसर्ग पूर्णपणे रोखत नसली, तरी आजार सौम्य ठेवते.