“फक्त दात घासले” म्हणजे नेमके कशाने? उपाशीपोटी साखर तपासताना या चुका टाळा

गोंदिया आणि गडचिरोली जिल्ह्यांच्या सीमेवरील एका तालुक्याच्या गावी मी बरीच वर्षे रक्ततपासणीचे काम करतो. सकाळी पहिल्या एसटीने आलेली माणसे ओसरीत बसतात आणि मी प्रत्येकाला विचारतो, “काही खाल्ले-प्यायले का?” उत्तर बहुतेकदा खरे असते. तरीही अहवाल चुकतो, कारण माझा प्रश्नच अपुरा असतो.

दात घासल्याने साखर वाढते का, हा प्रश्न मला जवळजवळ रोज विचारला जातो. ब्रशवर वाटाण्याएवढी टूथपेस्ट घेऊन दात घासले आणि चूळ भरून थुंकले, तर तपासणीच्या निकालात लक्षात घेण्यासारखा फरक पडत नाही. पेस्टचा गोडवा बहुधा सॉर्बिटॉल आणि सॅकरिनचा असतो, आणि तीही पोटात जात नाही. कडुनिंबाच्या काडीचेही तसेच. या भीतीने तोंड न धुता येणाऱ्यांना मी परत पाठवत नाही, पण तसे येण्याची काहीच गरज नाही. साधे पाणीसुद्धा खुशाल प्यावे, कारण पाण्यावाचून आलेल्या माणसाची शीर सापडत नाही आणि दोनदा टोचावे लागते.

आमच्या भागात मात्र “दात घासले” या दोन शब्दांत गुडाखू दडलेला असतो. तंबाखू आणि गूळ यांपासून केलेला हा काळसर लगदा छोट्या डबीत मिळतो, आणि अनेक घरांतील बायका तो पहाटे बोटाने हिरड्यांवर घासून बराच वेळ तोंडात ठेवतात. त्यांच्या लेखी ते दंतमंजन आहे. म्हणून “तंबाखू घेता का?” असे विचारले तरी त्या मनापासून नाही म्हणतात.

अशीच एक बावन्न वर्षांची मावशी आमच्याकडे आली होती. पायाला मुंग्या येतात म्हणून डॉक्टरांनी साखर तपासायला सांगितली होती. एसटी चुकली, म्हणून ती सुमारे चार किलोमीटर भरभर चालत आली होती. मी नेहमीचा प्रश्न विचारला. ती म्हणाली, “नाही जी, काई नाई खाल्लं. दातच घासले फकत.” गर्दी होती, मी लगेच नमुना घेतला. साखर १३४ आली. उपाशीपोटी १०० च्या खाली असेल तर साखर ठीक समजतात, १०० ते १२५ ही मधुमेहाच्या उंबरठ्यावरची पातळी मानतात, आणि १२६ किंवा त्याहून अधिक साखर दोन वेगळ्या तपासण्यांत आली तर मधुमेहाचे निदान करतात. कापूस दाबून ती ओसरीत गेली, पदराची गाठ सोडून डबी काढली आणि पुन्हा बोट फिरवू लागली, तेव्हा माझ्या ध्यानात आले. विचारल्यावर कळले की घरून निघताना आणि वाटेत असे दोनदा गुडाखू झाले होते.

गुडाखूतील गूळ थोडाच असतो आणि बराचसा थुंकला जातो, त्यामुळे त्याचा हिशेब मी दुय्यम धरतो, अर्थात जो गिळला जातो त्याने उपवास मोडतोच. मुख्य अडचण निकोटिनची आहे. ते हिरड्यांतून आणि गालाच्या आतल्या त्वचेतून थेट रक्तात उतरते, मूत्रपिंडावरच्या ग्रंथींतून अ‍ॅड्रिनॅलिन सोडवते, आणि अ‍ॅड्रिनॅलिन यकृतातील साठवलेली साखर बाहेर काढते. शिवाय तेवढा वेळ इन्सुलिनचा परिणामही मंदावतो. विडी-सिगारेटचे निकोटिन झपाट्याने चढते, तर सुपारी-तंबाखूच्या खर्र्याचे आणि गुडाखूचे हळू चढते पण जास्त वेळ टिकते. रक्तातले निकोटिन निम्म्यावर यायला साधारण दोन तास लागतात, म्हणून “आत्ताच थुंकला” या सबबीला काही अर्थ नाही. आदल्या रात्रीच्या जेवणानंतर नमुना होईपर्यंत विडी, खर्रा, गुडाखू यांपैकी काहीही घेऊ नये, असे मी सांगतो.

मावशीच्या बाबतीत आणखी एक गुंता होता. तिला सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचा वाहकपणा होता, जो पूर्व विदर्भात पुष्कळ आढळतो. अशा रक्तात तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, काही पद्धतींनी चुकीची येऊ शकते, आणि प्रत्यक्ष सिकलसेलचा आजार असेल तर तिच्यावर विसंबताच येत नाही, कारण तांबड्या पेशी लवकर नष्ट होतात. म्हणजे उपाशीपोटीची साखरच नीट घेणे भाग होते. डॉक्टरांनी चार दिवसांनी तिला परत बोलावले. त्या दिवशी तिने नुसती चूळ भरली, पुतण्याच्या मोटारसायकलवर आली आणि अर्धा तास शांत बसली. साखर ११८ आली. या १६ अंकांतले किती गुडाखूचे, किती चालण्याचे आणि किती रोजच्या नैसर्गिक चढउताराचे, हे वेगळे काढता येणार नाही. काहीही न बदलता एकाच माणसाची साखर दोन दिवसांत पाच-सात टक्क्यांनी हलते. ती निरोगी ठरली असेही नाही, उंबरठ्यावरच होती. पण १३४ वर गोळी सुरू झाली असती, तर ती त्या सकाळच्या नमुन्यावर झाली असती.

चालण्याबद्दल दोन्ही टोकांचा गैरसमज आहे. रमतगमत चालताना स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, म्हणून ती थोडी उतरू शकते, विशेषतः मधुमेहींमध्ये. दम लागेपर्यंत पळाल्यास किंवा चढावर सायकल रेटल्यास अ‍ॅड्रिनॅलिनमुळे उलट वाढू शकते. कोणत्या दिशेने किती, हे आधी सांगता येत नाही, म्हणून मी आलेल्या माणसाला निदान पंधरा मिनिटे आणि दम लागला असेल तर अर्धा तास बसवतो. इथे घाई करणारे मला मुळीच आवडत नाहीत. त्याहून त्रास होतो तो, एरवी घराबाहेर न पडणारे लोक तपासणीच्या पहाटेच चार-पाच किलोमीटर चालून साखर “उतरवून” आणतात तेव्हा. त्यांना चांगला अहवाल मिळतो आणि डॉक्टरांना खोटा आधार मिळतो. रोज फिरणाऱ्याने त्या दिवशी नमुना दिल्यावर फिरावे.

एका गोष्टीत मात्र धोका आहे. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेऊन, उपाशीपोटी, गावाहून पायी कोणीही येऊ नये. ही औषधे नमुन्यानंतर, न्याहारीच्या वेळी घ्यावीत आणि ती कशी पुढे ढकलायची हे डॉक्टरांना आधीच विचारावे. ओसरीत एखाद्याला दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले किंवा तो असंबद्ध बोलू लागला, तर मी नमुन्याचा विचार सोडून आधी साखरपाणी देतो.

च्युइंगम साखरेचे असेल तर उपवास मोडला. बिनसाखरेचे असले तरी चघळण्याने पाचकरस सुटू लागतात, म्हणून तेही नको. गोड बडीशेप आणि सुपारीचेही तेच.

ग्लुकोज पिऊन दोन तासांनी पुन्हा रक्त द्यायचे असेल, तेव्हा हे सगळे नियम त्या दोन तासांनाही लागू होतात. नेमके त्याच वेळात लोक बाजार करून येतात आणि टपरीवर खर्रा घोटून घेतात.

आता मी प्रश्न बदलला आहे: “सकाळपासून तोंडात काय काय घातले, आणि इथवर कसे आलात?” कोणी गुडाखू घेतलाच असेल आणि दूरवरून आल्यामुळे परत पाठवणे शक्य नसेल, तर मी नमुना घेतो, पण अहवालावर “गुडाखू सकाळी ६.४०, नमुना ८.५०, पायी ४ कि.मी.” असे लिहून देतो.