रोजच्या सायकलसाठी दुकानात जाताना

निघण्याआधी घरीच एक माप काढून ठेवा. अनवाणी, भिंतीला पाठ टेकून उभे राहा, दोन पायांमध्ये जाड वही घट्ट वर ओढून धरा आणि वहीच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप लावा. समजा ७६ सेंटिमीटर आले. दुकानात "२६ची घ्या, २७.५ची घ्या" असं सांगतील, पण तो आकडा चाकाचा, फ्रेमचा वेगळा विचारावा लागतो. सरळ हँडलच्या सायकलला ७६ गुणिले ०.२२६, म्हणजे साधारण १७ इंची फ्रेम. दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून उभे राहिल्यावर जांघ आणि दांडीमध्ये ३ ते ५ सेंटिमीटर जागा उरली पाहिजे. मग सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा: पायडल सगळ्यात खाली असताना गुडघा जेमतेम सरळ व्हावा. फ्रेम लहान निघाली तर सीटचा दांडा त्यावरच्या खुणेच्या वर ओढावा लागतो आणि तो तिथेच वाकतो किंवा तुटतो.

गिअरवर फार पैसे घालू नका. लातूर किंवा नांदेडसारख्या शहरात घर ते एमआयडीसी ७ किलोमीटर, रस्ता सपाट असेल तर पुढे ४४ आणि मागे १८ दात्यांची बिनगिअरची सायकल पायडलच्या मिनिटाला ६० फेऱ्यांत ताशी १८ किलोमीटर जाते. वाटेत उड्डाणपूल, चढ किंवा उन्हाळ्यात समोरून वारा असेल तर फक्त मागे ७ गिअर घ्या. स्वस्तातले २१ गिअर लवकर बिघडतात, आणि पुढचं शॉकॲबसॉर्बर तर नुसतं वजन वाढवतं.

पैसे घालायचे तर टायरमध्ये घाला. आपल्याकडे पंक्चरचं मोठं कारण म्हणजे बाभळीचा काटा आणि सराटे. म्हणून जाड रबराचा, २६ बाय १.७५चा, कमी नक्षीचा टायर मागा. हवा टायरच्या कडेवर छापलेल्या आकड्यांमध्येच ठेवा. कमी हवेत खड्डा लागला की रिमखाली ट्यूब चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. एकच बारीक भोक असेल तर काटा समजा. पंक्चर काढल्यावर टायरच्या आतून जुन्या कापडाचा बोळा फिरवा. कापड जिथे अडकेल तिथे काटा अजून रुतलेला असतो, तो काढला नाही तर नवी ट्यूबही दुसऱ्या दिवशी बसते. वॉल्व्ह मोटारसायकलसारखा घ्या, पेट्रोल पंपावर हवा भरता येते.

ब्रेक रिमचे, दोन्ही बाजूंनी रबर दाबणारे घ्या. स्वस्त डिस्कची पाती वाकली की घासत राहते आणि तालुक्याच्या गावी सुटे भाग मिळतीलच असं नाही. दुकानातच पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे ढकला, मागचं चाक उचललं गेलं पाहिजे. लिव्हर पूर्ण दाबल्यावर हँडलपासून दोन बोटं अंतर राहावं. पावसाळ्यात काळी माती रिमला चिकटते आणि रबर खाते, तेव्हा घरी पोचल्यावर रिम पाण्याने धुवा. रबरावरच्या खाचा गेल्या की दोन्ही बाजूंचे रबर एकदम बदला.