यूके स्टुडंट व्हिसासाठी बँकेचं पत्र: एका तारखेची शिल्लक पुरत नाही

शाखेत नुसतं ‘बॅलन्स सर्टिफिकेट द्या’ म्हटलं, की त्या दिवसाची शिल्लक छापून मिळते. यूकेला मात्र ठरलेली रक्कम सलग 28 दिवस खात्यात होती हे दिसावं लागतं, एक दिवसही कमी चालत नाही.

नौपाड्यात असा की वाशीत, अर्ज लिहून द्या:

1. खातेदाराचं नाव, खाते क्रमांक, पत्राची तारीख आणि शिल्लक लेटरहेडवर हवी. खाली सही-शिक्का.
2. ‘14 जुलै ते 10 ऑगस्ट या काळात शिल्लक अमुक रकमेखाली गेली नाही’ हे वाक्य मागा. साहेब छापील नमुन्यावर अडले, तर त्याच काळाचं शिक्का मारलेलं स्टेटमेंट घ्या.
3. शेवटची तारीख 10 ऑगस्ट असेल, तर व्हिसा फी 10 सप्टेंबरच्या आत भरा. 31 दिवसांपेक्षा जुना पुरावा धरत नाहीत.

खातं आई-बाबांचं असेल, तर त्यांचं संमतीपत्र आणि जन्मदाखला जोडा.

जपायचं एकच: खात्याला ऑटो स्वीप असेल तर पैसे आपोआप एफडीत जातात आणि बचत खात्यात भलतीच कमी रक्कम दिसते. तेव्हा एफडीचे क्रमांकही पत्रात घालून घ्या.