बोअरच्या पाण्यातलं लोह: कॅलिब्रेशन कर्व्ह ते शेवटचं उत्तर

स्पेक्ट्रोफोटोमीटरचं प्रॅक्टिकल बिघडतं ते बहुतेक वेळा यंत्रामुळे नाही, तर फ्लास्कमध्ये काय आणि कधी घातलं यामुळे. म्हणून इथे एकच प्रयोग नीट पाहू: फिनॅन्थ्रोलीन वापरून पाण्यातलं लोह मोजणं.

फिनॅन्थ्रोलीन फेरस लोहाशी जुळून नारिंगी-लाल रंग देतं. हा रंग ५१० नॅनोमीटरचा प्रकाश सर्वांत जास्त शोषतो, म्हणून तरंगलांबी तीच ठेवायची. पाण्यात फेरिक लोहही असतं. ते फेरस व्हावं यासाठी आधी हायड्रॉक्सिलअमाइन घालावं लागतं.

०.७०२२ ग्रॅम फेरस अमोनियम सल्फेट थोडं सल्फ्युरिक आम्ल घातलेल्या पाण्यात विरघळवून १ लिटर केलं, की १०० पीपीएम लोहाचा स्टॉक तयार होतो. त्यातले १० मिली घेऊन १०० मिली करा. हे झालं १० पीपीएम. आता ५० मिलीच्या चार व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये त्याचे ५, १०, १५ आणि २० मिली पिपेटने घ्या. पाचव्या फ्लास्कमध्ये लोह अजिबात नाही, तो ब्लँक. सहाव्यात २५ मिली बोअरचं पाणी.

सहाही फ्लास्कमध्ये १० टक्के हायड्रॉक्सिलअमाइन हायड्रोक्लोराइड १ मिली घालून पाच मिनिटं थांबा. मग ०.१ टक्के फिनॅन्थ्रोलीन ५ मिली आणि सोडियम ॲसिटेटचं द्रावण ५ मिली घाला, खुणेपर्यंत पाणी भरा आणि दहा-पंधरा मिनिटं रंग पूर्ण येऊ द्या. ॲसिटेट आम्लपणा कमी करतं. फार आम्लयुक्त द्रावणात रंग सावकाश येतो आणि रीडिंग चढत राहतं. एकच फ्लास्क पुन्हा दोन मिनिटांनी वाचून आकडा वाढलेला दिसला, तर अजून थांबायचं.

ब्लँक म्हणजे नुसतं डिस्टिल्ड वॉटर नव्हे. रसायनांमध्येही लोहाचा अंश असतो, तो वजा व्हायला ब्लँकमध्ये सगळी रसायनं त्याच मापाने हवीत. ती नसतील तर सगळे बिंदू सरळ रेषेतच येतात, पण रेषा शून्यापासून वर सरकलेली दिसते.

यंत्र वीसेक मिनिटं आधी सुरू करून ठेवा. डिस्प्लेवर ट्रान्समिटन्स नव्हे, ॲब्सॉर्बन्स आहे ना, हे बघा. क्युव्हेट खरखरीत बाजूंनीच धरा, गुळगुळीत बाजू टिशूने पुसा, आत बुडबुडा नाही याची खात्री करा आणि प्रत्येक वेळी एकाच दिशेने बसवा. ब्लँकने शून्य करा. मग फिकटाकडून गडदाकडे जा आणि प्रत्येक रीडिंगआधी क्युव्हेट त्याच द्रावणाने विसळून घ्या.

समजा १, २, ३ आणि ४ पीपीएमला ०.२०३, ०.३९९, ०.५९९ आणि ०.७९६ मिळाले, आणि बोअरच्या पाण्याच्या फ्लास्कला ०.३१२. संहती आडव्या अक्षावर, ॲब्सॉर्बन्स उभ्या अक्षावर. एक्सेलमध्ये रेषेचं समीकरण येतं:

y = 0.1979x + 0.0045

०.३१२ मधून ०.००४५ वजा करून ०.१९७९ ने भागलं, की १.५५ पीपीएम. इथेच बरेच जण थांबतात आणि चुकतात. हे फ्लास्कमधल्या द्रावणाचं उत्तर आहे. २५ मिलीचे ५० मिली केले होते, म्हणून दोनने गुणायचं: मूळ पाण्यात लोह ३.११ पीपीएम.

अननोनचं, म्हणजे बोअरच्या पाण्याच्या फ्लास्कचं, रीडिंग ०.७९६ च्या वर गेलं, तर रेषा पुढे ओढून उत्तर काढू नका. रंग आलेलं द्रावण पाणी घालून पातळ करणंही चुकीचंच. लोहाच्या एका आयनाला फिनॅन्थ्रोलीनचे तीन रेणू लागतात. लोह फार असेल तर फिनॅन्थ्रोलीन आधीच संपलेलं असतं आणि उरलेल्या लोहाला रंगच आलेला नसतो. मूळ पाणी कमी घ्या, २५ ऐवजी ५ मिली, आणि रंग नव्याने आणा. गुणक मग दहा होईल.

नमुना घेण्याच्या वेळचीही एक गोष्ट आहे. बोअरचं पाणी वर येताना स्वच्छ दिसतं, पण हवा लागली की लोह तांबूस गाळ होऊन तळाशी बसतं. वरचं निवळ पाणी पिपेटने घेतलं तर उत्तर फार कमी येणार. बाटलीत नमुना भरतानाच थोडं हायड्रोक्लोरिक आम्ल घाला. पाणी मातीने गढूळ असेल, तर त्याचाच आणखी एक फ्लास्क फिनॅन्थ्रोलीनशिवाय तयार करा आणि त्याचं रीडिंग अननोनमधून वजा करा.

उत्तर पडताळायचं असेल, तर आणखी एका फ्लास्कमध्ये तेच २५ मिली पाणी आणि १० पीपीएमचे ५ मिली एकत्र घ्या. फ्लास्कमधलं लोह १ पीपीएमने वाढलं, म्हणजे रीडिंग ०.५१० च्या आसपास हवं. ते ०.४४ वर अडकलं, तर पाण्यातलं काहीतरी रंग येऊ देत नाही, आणि मग ३.११ हा आकडाही खऱ्यापेक्षा कमीच असणार.